‘पर पेज क्या लोगे?’ : टेक्निकल रायटिंगचा नमुना कसा करायचा आणि पैसे कसे लावायचे

इंदूरमध्ये सॉफ्टवेअर कंपन्यांशी बोलणं सुरू झालं की पहिला प्रश्न हिंदीत येतो आणि तो हाच असतो. विजयनगरला किंवा क्रिस्टल आयटी पार्कात बसलेल्या माणसाच्या डोळ्यांपुढे मॅन्युअल म्हणजे छापलेलं पुस्तक असतं, मग पानाचा भाव विचारणं त्याच्या दृष्टीने साहजिकच आहे. मीही पहिल्या कामाला पानाचाच भाव सांगितला होता: अडीचशे रुपये.

ते काम औषधांच्या घाऊक व्यापाऱ्यांसाठी केलेल्या बिलिंग सॉफ्टवेअरचं यूजर मॅन्युअल होतं. आपल्या दवा बाजारात चालतं तसलं: बॅच नंबर, एक्स्पायरीचा परत माल, दहावर एक फुकटची स्कीम. मी स्क्रीनशॉटसकट 68 पानं दिली. त्यांनी चित्रं अर्ध्या आकाराची केली, अक्षर एक पॉइंटाने बारीक केलं आणि मॅन्युअल 41 पानांत बसवलं. हातात आले 10,250 रुपये. डायरीत माझे तास भरले होते 74, म्हणजे तासाला जेमतेम 138 रुपये. कंपनीने फसवलं असं मी म्हणणार नाही, कारण पान म्हणजे काय हे मीच लिहून दिलं नव्हतं.

पण खरी गोची अक्षराच्या आकाराची नाहीच. या कामात लिहायला लागणारा वेळ थोडा असतो. सॉफ्टवेअर नेमकं काय करतं हे शोधून काढायला, करून बघायला आणि डेव्हलपरकडून उत्तर मिळवायला खरा वेळ लागतो. सहा तास खपून शोधलेली गोष्ट कागदावर चार ओळींची होते, आणि ती चार ओळींची होते म्हणूनच लेखन चांगलं ठरतं. पानाच्या भावात या चार ओळींना किंमत नाही आणि पाल्हाळाला आहे.

म्हणून नमुना असा करायचा की त्यात ही शोधाशोध दिसावी, आणि भाव असा लावायचा की त्यात शोधाशोधीचे पैसे यावेत. दोन्ही गोष्टी मी एकेका उदाहरणावर दाखवते.

नमुना : एकच खिडकी, पण पूर्ण

नवीन माणूस नमुना म्हणून मोबाइल चार्ज कसा करावा किंवा ईमेल खातं कसं उघडावं असलं काहीतरी लिहितो. ते वाचून सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसाला काहीच कळत नाही. त्याला बघायचं असतं की तुम्ही न कळणाऱ्या गोष्टीत शिरून तिच्यातून कामाचं बाहेर काढू शकता की नाही. त्यासाठी एपीआयचा नमुना मला सगळ्यात बरा वाटतो. एपीआय म्हणजे एका सॉफ्टवेअरने दुसऱ्याकडे काम मागायची ठरलेली पद्धत. बँकेत जशा वेगवेगळ्या कामांच्या खिडक्या असतात तशा त्यात वेगवेगळ्या खिडक्या असतात, त्यांना एंडपॉइंट म्हणतात. सगळ्या बँकेवर लिहायला जाऊ नका. एक खिडकी घ्या.

मी ओपन-मेटिओ नावाची हवामानाची सेवा घेतली. व्यावसायिक नसलेल्या वापरासाठी ती फुकट आहे, खातं उघडावं लागत नाही आणि किल्लीही लागत नाही. त्यामुळे तुमचा नमुना वाचणारा माणूस जागच्या जागी तो चालवून बघू शकतो. इंदूरचं आत्ताचं तापमान मागणारी, कमांडच्या काळ्या खिडकीत चालवायची ही ओळ:

```
curl "https://api.open-meteo.com/v1/forecast?latitude=22.72&longitude=75.86¤t=temperature_2m"
```

ही ओळ चालवली की उत्तर येतं, आणि नवखा लेखक इथेच थांबतो. अक्षांश, रेखांश, तापमान, संपलं. खरं काम इथून पुढे आहे. आलेलं उत्तर शत्रूच्या नजरेने वाचायचं आणि जिथे खटकेल तिथे थांबायचं.

मला पहिली खटकली ती वेळ. दुपारी साडेचारला मागवलेल्या तापमानापुढे अकराची वेळ होती. सेवा बिघडलेली नव्हती. टाइमझोन सांगितला नाही तर ती ग्रिनिचची वेळ देते आणि आपण तिच्यापुढे साडेपाच तास. ओळीच्या शेवटी `&timezone=Asia/Kolkata` जोडलं की उत्तर बदलतं. ते मोठं उत्तर छाटून मी इथे कामाचा भाग देते. तुमच्याकडे आकडे अर्थात वेगळे येतील:

```
{
  "latitude": 22.75,
  "longitude": 75.875,
  "utc_offset_seconds": 19800,
  "timezone": "Asia/Kolkata",
  "current": {
    "time": "2025-06-10T16:30",
    "interval": 900,
    "temperature_2m": 34.1
  }
}
```

19800 सेकंद म्हणजेच साडेपाच तास. ज्या डेव्हलपरला ही गोष्ट आधी ठाऊक नसते तो अर्धा दिवस आपल्याच कोडमध्ये चूक शोधत बसतो. तुमच्या नमुन्यात हे एक वाक्य असलं की त्याचा अर्धा दिवस वाचतो, आणि नमुना वाचणाऱ्याच्या ते लगेच लक्षात येतं.

दुसरी गोष्ट अक्षांश-रेखांशाची. मी 22.72 मागितलं आणि परत आलं काहीतरी वेगळंच. कारण ही सेवा नकाशाचे चौकोन पाडते आणि तुमचं ठिकाण ज्या चौकोनात पडतं त्याच्या मध्याचा पत्ता परत देते. तो काही किलोमीटर बाजूला असू शकतो. हे लिहिलं नाही तर कुणीतरी मागितलेला आणि आलेला आकडा एकमेकांशी जुळवून बघणार, आणि प्रोग्राम दर वेळी चूक दाखवणार.

तिसरं म्हणजे मुद्दाम चुका करायच्या. `temperature_2m` चं स्पेलिंग बिघडवून बघा, अक्षांश 122 देऊन बघा, रेखांश गाळून बघा. सेवा 400 हा क्रमांक परत करते, सोबत `error` आणि `reason` अशी दोन नावं येतात आणि `reason` मध्ये काय चुकलं ते वाक्यात लिहिलेलं असतं. या चुका नमुन्यात द्या, पण स्वतः करून पाहिलेल्याच द्या. दुसरीकडून उचललेली चुकांची यादी ओळखू येते, कारण तिच्यातल्या निम्म्या या सेवेत होतच नाहीत.

आता लिहिण्याकडे. नमुना इंग्रजीत लिहायचा, कारण गिऱ्हाईक डॉक्युमेंट इंग्रजीतच मागतं. क्रम असा ठेवा: ही खिडकी कशासाठी आहे ते दोन वाक्यांत, मग चालणारी एक ओळ, तिचं उत्तर, मग प्रत्येक पॅरामीटरचा तक्ता (नाव, प्रकार, सक्तीचा की ऐच्छिक, काही न दिल्यास काय धरलं जातं), मग चुका. चालणारी ओळ तक्त्याच्या आधी येऊ द्या. डेव्हलपर आधी ती उचलून चिकटवतो आणि अडला तरच तक्ता वाचतो. तक्त्यात सगळ्यात मोलाचा रकाना ‘काही न दिल्यास’ हा असतो. टाइमझोनचं सगळं रामायण त्याच रकान्यातलं.

यानंतरची पायरी बहुतेक जण गाळतात. नमुना एका माणसाला द्या आणि त्याच्या शेजारी गप्प बसा. माझा आतेभाऊ होळकर सायन्स कॉलेजला बीएस्सी करतो, त्याला लोकमान्य नगरच्या आमच्या घरी विंडोजच्या लॅपटॉपपुढे बसवलं. पहिल्या मसुद्यात मी पत्ता अवतरणचिन्हांशिवाय दिला होता. त्याने तो कमांडच्या काळ्या खिडकीत चिकटवला आणि पडद्यावर आलं की `longitude` नावाची कमांड नाही. विंडोजच्या त्या खिडकीत `&` म्हणजे एक कमांड संपली, दुसरी सुरू. म्हणजे सेवेकडे फक्त अक्षांश गेला आणि बाकीचा पत्ता तुटून पडला. मग मी एकेरी अवतरणचिन्हं घातली, जी माझ्या लिनक्सवर चालत होती. त्याच्याकडे तीही चालली नाहीत. दुहेरी घातल्यावर दोन्हीकडे चाललं. शेजारी बसून मला तीनदा तोंड उघडावंसं वाटलं. ज्या ज्या ठिकाणी तसं वाटतं, त्या ठिकाणी मजकुरात भोक आहे असं समजायचं.

नमुना ठेवायला वेबसाइट लागत नाही. गिटहबवर खातं काढा आणि `README.md` नावाच्या फाइलमध्ये मार्कडाउनने लिहा. तक्ते आणि कोड तिथे आपोआप नीट दिसतात, आणि तुम्हाला गिट हाताळता येतं हेही बोलल्याशिवाय कळतं. असे दोन नमुने पुरेत: एक एपीआयचा, एक एखाद्या मोफत सॉफ्टवेअरमधलं एकच अडचणीचं काम पायरीपायरीने सांगणारा. बॅकअपमधून डेटा परत आणणं हा विषय मला आवडतो, कारण बॅकअप घ्यावा कसा हे सगळे लिहितात आणि परत आणण्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. एका गोष्टीची मात्र काळजी घ्या. आधीच्या नोकरीत कंपनीसाठी लिहिलेलं नमुना म्हणून दाखवू नका. ते लेखन कंपनीच्या मालकीचं असतं आणि बहुतेकदा गुप्ततेच्या करारात बांधलेलं असतं. शिवाय पुढच्या गिऱ्हाइकाला लगेच कळतं की उद्या त्याचाही मजकूर असाच चव्हाट्यावर येईल.

कुणाला दाखवायचं

एचआरला पाठवू नका. त्यांच्याकडे या कामासाठी रकानाच नसतो. कंपनीत सपोर्टचे फोन कोण उचलतं ते शोधा आणि त्या विभागाच्या प्रमुखाला नमुन्याची लिंक पाठवा. तेच तेच प्रश्न रोज ऐकून सगळ्यात जास्त वैतागलेला माणूस तोच असतो.

भाव : एक खिडकी आधी करून बघायची

त्याच बिलिंगच्या धंद्यातल्या दुसऱ्या एका कंपनीने वरचा हवामानाचा नमुना पाहून मला बोलावलं. मेडिकल स्टोअरच्या अ‍ॅपमधून घाऊक व्यापाऱ्याकडे ऑर्डर जावी यासाठी त्यांनी एपीआय केला होता. बारा एंडपॉइंट होते, आणि बाहेरच्या डेव्हलपरांना रोज फोनवर समजावून त्यांची माणसं थकली होती. प्रश्न अर्थात तोच, पर पेज. मी म्हटलं, पानं किती होतील हे तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही. तीन हजारांत एक एंडपॉइंट पूर्ण करून देते, तो पाहा, मग मी सगळ्याचा एकच आकडा सांगते.

हे छोटं काम पैसे घेऊनच करायचं. फुकट नमुना मागणाऱ्याला तुमचा तयार नमुना दाखवायला असतोच की.

मी त्यांच्यातला सगळ्यात अवघड, नवी ऑर्डर नोंदवायचा एंडपॉइंट मागून घेतला आणि मिनिटांची नोंद ठेवली. पोस्टमन या एपीआय चालवून बघायच्या साधनातलं त्यांचं कलेक्शन वाचायला 40 मिनिटं, करून बघायला 110, डेव्हलपरशी बोलायला 30, लिहायला 90, त्यांनी तपासल्यावर दुरुस्तीला 50. एकूण 320 मिनिटं, म्हणजे 5 तास 20 मिनिटं. लिखाण दीड तासाचं होतं, हे बघून ठेवा.

करून बघण्यातच ती एक गोष्ट सापडली. ऑर्डरमध्ये `qty` असा एक रकाना होता. दहावर एक फुकटची स्कीम असली तर त्यात दहा लिहायचे की अकरा, हे कुठेच नव्हतं. दहा पाठवले तर सर्व्हर आपणहून एक फुकट जोडत होता. अकरा पाठवले तर अकरा विकत धरून वर आणखी एक देत होता, म्हणजे दुकानदाराकडे बारा पोहोचणार आणि बिल अकराचं. डेव्हलपरला दाखवलं तर तो डोकं खाजवत म्हणाला, “हाँ, ये तो लिखना पड़ेगा.” कागदावर ते एक वाक्य झालं. अडीचशे रुपये पानाच्या हिशोबाने त्या वाक्याचे दहा रुपयेही झाले नसते.

आता आकड्याकडे. आधी तासाचा दर. महिन्याला किती हवेत ते ठरवा आणि त्याला कामाच्या सगळ्या तासांनी भागू नका. गिऱ्हाईक शोधणं, फोन, कोटेशन, शिकणं यात दिवस जातो. ज्याचे पैसे लावता येतात असे तास मला दिवसाला सरासरी तीनच मिळतात. 25 दिवसांचे 75 तास झाले. मला 45,000 हवे होते, म्हणून तासाला 600. तुमचे आकडे वेगळे असतील, पण आठ तासांनी भागाकार केलात की तिसऱ्या महिन्यात भाडं थकतं.

मग कामाची मोजणी. बाराही एंडपॉइंट एकेकदा चालवून तीन ढिगांत टाकले. ऑर्डरसारखे अवघड 3, प्रत्येकी साडेपाच तास, म्हणजे 16.5. मधले 5, तीन तासांप्रमाणे 15. नुसती यादी देणारे सोपे 4, दीड तासाप्रमाणे 6. बेरीज 37.5 तास. त्यात लॉगिन आणि पहिल्या ऑर्डरपर्यंत नेणारी सुरुवातीची गाइड 8 तास, सगळ्या चुकांचा एकत्र तक्ता 4, बैठका आणि जुळवाजुळव 6. झाले 55.5. त्यावर वीस टक्के राखीव, म्हणजे साधारण 67 तास. सहाशेने 40,200. मी 40,000 सांगितले.

हा आकडा सांगताना तासांचा हिशोब समोर ठेवायचा की नाही, यावर माझं मत पक्कं आहे: ढीग दाखवा, तास दाखवू नका. ढीग दाखवले की गिऱ्हाईक म्हणतं, ते चार सोपे आम्हीच लिहितो, कमी करा. मग काम कमी होऊन आकडा कमी होतो, आणि ते ठीक आहे. तास दाखवले की घासाघीस तासांवर येते, काम तेवढंच राहतं.

कोटेशनमध्ये लिहायच्या गोष्टी

बारा एंडपॉइंटची नावं एकेक करून लिहिली. ‘संपूर्ण एपीआय’ असा शब्द कधीही लिहू नका, तो रबरासारखा ताणतो. दुरुस्तीच्या दोन फेऱ्या धरल्या आणि दुरुस्ती म्हणजे काय ते सांगितलं: मी लिहिलेलं चुकलं तर दुरुस्ती, तुमचं सॉफ्टवेअर बदललं तर नवीन काम. नव्या एंडपॉइंटचा दर आधीच लिहून ठेवला: सोपा 900, मधला 1,800, अवघड 3,300. प्रश्नांची उत्तरं द्यायला कंपनीकडून एका माणसाचं नाव मागितलं आणि दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर तारीख तेवढी पुढे जाईल असं टाकलं. पैसे तीन हप्त्यांत: सुरुवातीला 12,000, पहिला मसुदा दिल्यावर 16,000, शेवटी 12,000. मसुद्याचा हप्ता मोठा ठेवला, कारण शेवटचा हप्ता ‘सर जरा बाहर हैं’ मध्ये अडकतो.

कोटेशनच्या जोडीला आणखी दोन गोष्टी येतात. आपल्याकडच्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे नोकरीत नसलेल्या लेखकाच्या लेखनाचा हक्क मुळात लेखकाकडे असतो आणि तो दुसऱ्याला द्यायचा तर लेखी द्यावा लागतो. म्हणून ‘पूर्ण पैसे मिळाल्यावर हक्क कंपनीकडे जातील’ असं वाक्य घाला. कंपनीलाही ते हवंच असतं. दुसरं म्हणजे उद्यम नोंदणी करून ठेवा. ती ऑनलाइन आणि फुकट होते. नोंदणी केलेल्या लहान उद्योगाचे पैसे करारात काहीही लिहिलं तरी 45 दिवसांच्या आत द्यावे लागतात, नाहीतर व्याज लागतं. बिलावर उद्यम क्रमांक छापला की अकाउंट्सवाला बिल वरच्या ट्रेमध्ये ठेवतो. सेवांसाठी जीएसटीची नोंदणी वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीपर्यंत सक्तीची नाही, तोपर्यंत साधं बिल चालतं. टीडीएस कापला असेल तर रिटर्न भरताना तो धरायला विसरू नका.

पानाचा भाव कधी चालतो

कधीच नाही असं नाही. सॉफ्टवेअर बदलणार नसेल, मजकूर आधीच लिहिलेला असेल आणि नुसतं साफ करून नव्या साच्यात बसवायचं असेल, तर पानं मोजता येतात आणि शोधाशोध नसते. तेव्हा मी पानाने घेते. पण पान म्हणजे 300 शब्द असं लिहून देते, शब्द मूळ फाइलमधले मोजते आणि स्क्रीनशॉटचे पैसे नगावर वेगळे लावते. स्क्रीनशॉट म्हणजे नुसतं बटण दाबणं नसतं. खोटा डेटा भरा, खऱ्या दुकानदाराचं नाव आणि नंबर झाका, कापा, बाण काढा. आणि महिन्याभराने कंपनी मेनूचा रंग बदलते, तेव्हा ते सगळे परत.

शेवटी काय झालं

काम चाललं असताना कंपनीने दोन एंडपॉइंट वाढवले, दोन्ही मधल्या ढिगातले. दर आधीच लिहिलेला असल्यामुळे बोलाचाली झाली नाही, 3,600 जास्तीचे आले. मूळ कामाचे 67 तास धरले होते, भरले 71. जास्तीचे चार तास लिहिण्यात गेले नाहीत. टेस्ट सर्व्हर दोनदा बंद पडला आणि दोन्ही वेळा मी भरलेला सगळा खोटा डेटा पुसला गेला, तो परत भरत बसले. आता माझ्या कोटेशनमध्ये एक ओळ जास्त असते: टेस्ट सर्व्हर चालू ठेवणं आणि त्यावरचा डेटा जपणं कंपनीकडे, पुसला गेला तर परत भरायचे तास वेगळे.